पैसे कट झाले पण नोटा आल्याच नाहीत: T+5 चा नियम कुठून आला

मशीन घरघर करतं, मोबाईलवर 5000 कट झाल्याचा मेसेज येतो आणि नोटा काही बाहेर येत नाहीत, तेव्हा पोटात गोळा येतोच. मुळात एटीएममध्ये पैसे आधी खात्यातून कट होतात आणि नोटा नंतर मोजल्या जातात, कारण तुमची बँक हो म्हणाल्याशिवाय मशीन नोटांना हातच लावत नाही. मग नोट अडकली तर मशीन उलटा मेसेज पाठवतं, त्याला रिव्हर्सल म्हणतात, आणि तो नीट पोचला तर काही मिनिटांत पैसे परत. खरी पंचाईत होते ती नेमकी तेव्हाच नेटवर्कची लाईन गेली तर, कारण मग तुमच्या बँकेला वाटतं पैसे दिले गेले. अशा वेळी मशीनवाल्या बँकेने कॅशचा हिशोब लावला की 500 च्या 10 नोटा जास्त निघतात, त्या मशीनच्या लॉगशी आणि बँकांना जोडणाऱ्या स्विचच्या नोंदीशी जुळवायच्या, आणि बँका दोन वेगळ्या असतील तर यातच दिवस जातात.

1 एप्रिल 2009 पासून दुसऱ्या बँकेचं एटीएम फुकट वापरता यायला लागलं, म्हणजे दोन बँकांमधले असे व्यवहार वाढणारच होते. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने अडकलेले पैसे परत करायला 12 कामकाजाच्या दिवसांची मुदत घातली आणि उशीर झाला तर रोजचे 100 रुपये भरपाई. 1 जुलै 2011 पासून मुदत 7 कामकाजाच्या दिवसांवर आली, पण घड्याळ सुरू व्हायचं ते तक्रार केल्यावर, आणि 30 दिवसांत तक्रार केली नाही तर भरपाई गेली. ज्याला फॉर्म भरता येत नाही, ब्रँचला जायला सुट्टी मिळत नाही त्याचं काय, हे मला तेव्हाही खटकायचं.

20 सप्टेंबर 2019 च्या सर्क्युलरने हेच बदललं, ते 15 ऑक्टोबरपासून लागू झालं. आता T म्हणजे व्यवहाराचा दिवस, तिथून 5 दिवसांत बँकेने स्वतःहून पैसे परत करायचे, तक्रारीची वाट न बघता, आणि हे कॅलेंडरचे दिवस आहेत, रविवार धरून. म्हणजे 3 तारखेला कट झाले तर 8 पर्यंत जमा व्हायला हवेत, 11 ला आले तर 3 दिवसांचे 300 रुपयेही खात्यात पडायला हवेत, न मागता.

तरी स्लिप किंवा मेसेज जपून ठेवा आणि तक्रार टाकून नंबर घ्याच, तीही कार्ड ज्या बँकेचं आहे तिच्याकडे, मशीन कुणाचंही असो. कधीकधी उत्तर येतं, "ट्रान्झॅक्शन सक्सेसफुल आहे". तेव्हा गप्प बसू नका, त्या वेळेचा मशीनचा लॉग, त्या दिवशीचा कॅशचा ताळा आणि सीसीटीव्ही फुटेज तपासायला लेखी सांगा, आणि 30 दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा पटण्यासारखं दिलं नाही तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते.