ॲमेझॉनचा उगम नकाशांवर कसा सरकत गेला

ॲमेझॉनचा उगम तीनशे वर्षांत अनेकदा बदलला. सॅम्युएल फ्रिट्झ या धर्मोपदेशकाच्या १७०७ च्या नकाशात तो मारान्योन नदीवर, लाउरिकोचा सरोवरापाशी आहे. मारान्योन पाण्याने मोठी असल्यामुळे पुढे बराच काळ हेच मानले गेले. नंतर कसोटी बदलली: पाणी किती यापेक्षा सर्वांत लांबची शाखा कोणती, हे पाहायचे ठरले आणि मान आपुरिमाक नदीकडे गेला. १९७१ मध्ये अमेरिकी छायाचित्रकार लोरेन मॅकिन्टायर आपुरिमाकचा उगम शोधत दक्षिण पेरूतल्या मिस्मी शिखराच्या परिसरात पोहोचले आणि ॲटलासमध्ये मिस्मीचे नाव रुळले.

२०१४ मध्ये जेम्स कॉन्टोस आणि निकोलस ट्रिपसेविच या संशोधकांनी उगमासाठी मान्तारो नदी पुढे आणली. मान्तारो आणि आपुरिमाक एकत्र येऊन पुढे एने नदी होते. समुद्रापर्यंतचा प्रवाह दोघींना सामाईक असल्याने तुलना फक्त संगमापासून वर करायची. ती भौगोलिक नकाशे, उपग्रहचित्रे आणि प्रत्यक्ष जीपीएस नोंदी ताडून केली, तेव्हा मान्तारो ७५ ते ९२ किलोमीटरने लांब निघाली.

एवढा फरक आधी का दिसला नाही? १ : १,००,००,००० प्रमाणाच्या ॲटलासमध्ये १ मिलिमीटर म्हणजे १० किलोमीटर, म्हणजे हा सगळा फरक ८-९ मिलिमीटरचा. शिवाय अशा नकाशात नदीची वळणे सरळ करून काढतात, आणि जी नदी जास्त वळते तिची लांबी जास्त घटते. मान्तारो तर वाटेत मोठा वळसा घेते. म्हणून दोन्ही शाखा एकाच प्रमाणाच्या नकाशावर, एकाच बारकाईने मोजल्या नाहीत तर निकालावर विसंबता येत नाही.

मान्तारोवर एक आक्षेप आहे. ताब्लाचाका धरणातून पाणी बोगद्याने वळवले जात असल्याने खालचा काही भाग वर्षातले काही महिने कोरडा पडतो. माझ्या मते माणसाने बांधलेल्या धरणाने उगमाची जागा बदलू नये. पण बारमाही प्रवाह ही अट आधीच घातली असेल, तर ती सर्वच शाखांना लावावी लागेल.

जागा नेमकी करताना आणखी एक अडचण येते. अक्षांश-रेखांश कुठून आणि कसे मोजायचे हे संदर्भपद्धती ठरवते; पेरूचे जुने नकाशे PSAD56 या संदर्भपद्धतीवर आहेत, जीपीएस WGS84 वर चालते. जुन्या नकाशावरचे अक्षांश-रेखांश तसेच जीपीएसमध्ये भरले तर मिस्मीजवळ बिंदू जवळपास अर्धा किलोमीटर चुकतो. १ : १,००,००० च्या नकाशावर ते ५ मिलिमीटर होतात. तिथे कड्याच्या दक्षिणेचे पाणी कोल्का नदीतून प्रशांत महासागराला जाते, त्यामुळे कड्यालगतचा झरा एवढ्या फरकाने चुकीच्या खोऱ्यात दिसू शकतो. हे ओळखायला शिखर किंवा संगमासारखी ठळक खूण दोन्हीकडे तपासावी. सगळ्या खुणा एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेल्या दिसल्या, तर दोष संदर्भपद्धतीचा. एकच खूण हलली असेल, तर नकाशा काढणाऱ्याचा.