तांदळातलं आर्सेनिक धुऊन जातं का?

'पाणी नितळ येईपर्यंत तांदूळ धुवा, म्हणजे त्यातलं आर्सेनिक निघून जातं' हा सल्ला हल्ली वारंवार वाचायला मिळतो. रोज भात खाणारी माणसं तो मनापासून पाळतात, म्हणून त्यातली चूक मला जास्त खटकते. धुताना येणारं दुधाळ पाणी म्हणजे दाण्यावरची स्टार्चची भुकटी आणि कोंड्याचे कण. आर्सेनिक त्यात थोडंसंच असतं, बाकीचं दाण्याच्या आत असतं. ते आत कसं शिरलं, ही या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट आहे. ती कळली की शिजवताना काय करायचं, हेही कळतं.

भाताच्या पातीच्या कडेवरून उलट्या दिशेने बोट फिरवलं तर सर्रकन चिरा पडतो. त्या कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात. सिलिका म्हणजे वाळूत असतो तोच पदार्थ. भाताचं रोप जमिनीतून इतकं सिलिकॉन ओढून घेतं, की वाळलेल्या पेंढ्याच्या वजनाचा दहावा हिस्सा सिलिकाच असू शकतो. त्यामुळे रोप ताठ उभं राहतं आणि किडीला, बुरशीला तोंड देतं. एवढं सिलिकॉन आत घ्यायचं तर मुळांच्या पेशींना त्यासाठी खास दार हवं. जपानमध्ये जियान फेंग मा यांच्या गटाने 2006 साली या दाराचं जनुक शोधून काढलं. दाराचं नाव एलएसआय-1.

जमिनीतल्या पाण्यात सिलिकॉन सिलिसिक आम्लाच्या रूपात असतं. त्याच्या रेणूत मध्ये सिलिकॉनचा एक अणू आणि भोवती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या चार जोड्या असतात. आर्सेनिकच्या 'आर्सेनाइट' या रूपात मध्ये आर्सेनिकचा अणू आणि भोवती अशाच तीन जोड्या. दोन्ही रेणू आकाराने जवळपास सारखे, आणि दोघांवरही विद्युतभार नाही. एलएसआय-1 ला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. 2008 साली याच गटाने दाखवलं, की आर्सेनाइट याच वाटेने रोपात शिरतं.

पण मातीतलं आर्सेनिक या मोकळ्या रूपात येतं कुठून? कोरड्या शेतात ते लोहाच्या गंजाला चिकटून बसलेलं असतं, म्हणून गव्हाच्या मुळांच्या हाती फारसं लागत नाही. भाताच्या शेतात पाणी साठलेलं असतं. काही दिवसांत चिखलातला ऑक्सिजन संपतो. मग तिथले जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी गंजातलं लोह वापरू लागतात. गंज विरघळतो, त्याला चिकटलेलं आर्सेनिक सुटतं आणि त्याचं आर्सेनाइट होतं. आर्सेनिक मोकळं होतं नेमकं अशा पिकाच्या मुळाशी, ज्याने सिलिकॉनसाठी दार उघडं ठेवलेलं आहे.

हे आर्सेनिक माती-पाण्यातून येतं, त्यामुळे पिशवीवर 'सेंद्रिय' लिहिलेलं असलं म्हणून तांदूळ त्यातून सुटत नाही. कोंड्याच्या थरात ते जास्त साठतं, म्हणून बिनसडीच्या तांदळात पांढऱ्यापेक्षा ते अधिक असतं. ते उकळून वाफेबरोबर उडून जात नाही. उकळल्यावर पाणी उडतं आणि आर्सेनिक मागे राहतं. मीठ किंवा लिंबू टाकून 'विष ओढून घेण्याचे' जे उपाय सांगितले जातात, त्यांनी फसू नका.

आता आकडे पाहू. समजा, एका किलो तांदळात 100 मायक्रोग्रॅम असेंद्रिय आर्सेनिक आहे. असेंद्रिय म्हणजे जास्त घातक रूप. पांढऱ्या तांदळासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकाची मर्यादा किलोला 200 आहे, म्हणजे आपला तांदूळ नियमात चोख बसतो. रोज 200 ग्रॅम तांदळाचा भात खाणाऱ्याच्या पोटात त्यातून 20 मायक्रोग्रॅम जातात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी लिटरला 10 ची मर्यादा सुचवली आहे. म्हणजे मर्यादेच्या काठावरचं दोन लिटर पाणी प्यायल्यासारखं हे झालं. एका दिवसाने काही बिघडत नाही, प्रश्न वर्षानुवर्षं रोज खाण्याचा आहे.

हाच तांदूळ नुसता धुतला तर? बहुतेक प्रयोगांत फार तर दहा टक्क्यांच्या आसपास घट दिसली, तीही काही जातींतच. 20 चे 18 झाले. कुकरमध्ये बेताचं पाणी घालून शिजवला तर सगळं पाणी दाण्यातच मुरतं, आणि आर्सेनिकला बाहेर पडायला वाटच राहत नाही.

तांदळाच्या सहापट पाणी घालून भात शिजवला आणि वेळला, म्हणजे उरलेलं पाणी काढून टाकलं, की चित्र बदलतं. 200 ग्रॅम तांदळाला 1.2 लिटर पाणी. शिजताना दाणा फुगतो, स्टार्च सैल होतो आणि आतलं आर्सेनिक पाण्यात उतरतं. दाण्याने साधारण 400 मिलिलिटर पाणी धरून ठेवलं आणि आर्सेनिक सगळीकडे सारखं पसरलं, असं मानलं तर भातात सुमारे 7 मायक्रोग्रॅम उरतील. प्रत्यक्षात इतकं जात नाही, कारण काही आर्सेनिक प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट धरून बसलेलं असतं. लांब दाण्याच्या तांदळात साधारण 45 टक्के घट मोजली गेली आहे. म्हणजे 20 चे 11.

याहून चांगली पद्धत इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठाच्या गटाने 2020 साली मांडली. चौपट पाणी उकळायचं, त्यात तांदूळ पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकायचं, मग दुप्पट ताजं पाणी घालून मंद आचेवर मुरेपर्यंत शिजवायचं. त्यांच्या मोजणीत पांढऱ्या तांदळातलं 73 टक्के आणि बिनसडीच्या तांदळातलं 54 टक्के असेंद्रिय आर्सेनिक गेलं. दोन्ही पद्धतींत काढलेलं पाणी पेज म्हणून प्यायलात, तर काढलेलं आर्सेनिक परत पोटात जातं.

याची किंमतही आहे. पांढऱ्या तांदळाला वरून लोह, फोलेट, थायमिन घातलेलं असेल, तर वेळलेल्या पाण्याबरोबर तेही मोठ्या प्रमाणात, अनेकदा निम्म्याहून जास्त, निघून जातं. आहारात या गोष्टींचा दुसरा भरवसा नसलेल्या घराने हे लक्षात घेऊन ठरवावं.

पण हे सगळं गणित पाणी स्वच्छ आहे असं धरून केलं. बांगलादेशात आणि पश्चिम बंगालमध्ये लाखो लोकांच्या कूपनलिकांत आर्सेनिक सापडलं. तिथे लिटरला 50 मायक्रोग्रॅमचं पाणी असेल, तर आपल्या 1.2 लिटरमध्येच 60 असतील. तांदळातले 20 मिळवून 80. ते सारखे पसरले तर भातात सुमारे 27 उरतील, म्हणजे कच्च्या तांदळात होतं त्याहून जास्त. अशा पाण्यात भात कितीही वेळला तरी उपयोग नाही.

म्हणून कूपनलिकेचं पाणी वापरणाऱ्या घराने भांडं चढवायच्या आधी पाणी तपासायला हवं. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसतं. तपासणी-संचात पाण्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकतात. त्यातून आर्सिन वायू निघतो आणि वर लावलेली मर्क्युरिक ब्रोमाइडची पांढरी कागदपट्टी पिवळी, मग तपकिरी होते. लिटरला 10 च्या आसपास ही छटा इतकी फिकट असते, की डोळ्याला फसवते. पट्टी जेमतेम पिवळसर वाटली, तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा.