खवट पीठ (विदर्भ)

खवट म्हणजे अंगचे तेल बिघडलेले पीठ. शिळे पीठ वेगळे आणि खवट पीठ वेगळे, पण डबा उघडल्यावर नाकाला दोन्ही सारखीच भासतात, म्हणून घरोघरी घोळ होतो.

गव्हाच्या दाण्यात तेलाचे प्रमाण कोंभात सर्वाधिक असते. आख्ख्या दाण्यात ते सुरक्षित राहते. चक्कीत दाणा फुटला की कोंड्यातले पाचकद्रव्य त्या तेलाला भिडते, तेल फुटू लागते आणि पुढे हवा लागून ते कडवट होते. म्हणूनच कोंडा आणि कोंभ काढलेला मैदा टिकतो आणि चक्कीची कणीक लवकर उतरते. बेसनात तेल कणकेच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे तेही खवटते. विदर्भातला ४५ अंशांचा उन्हाळा हे काम झपाट्याने करतो, विशेषतः डबा टिनाच्या छपराखाली किंवा चुलीशेजारी असला तर.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. एप्रिलमध्ये दळून आणलेले बेसन पोळ्याच्या सुमारास पाटवड्यांसाठी काढले आणि चिमूटभर जिभेवर ठेवताच कडू लागले. एवढ्यावर ते फेकू नये, कारण कच्चे बेसन ताजे असतानाही थोडे कडसर, हिरवट लागते. चमचाभर बेसन कोरडेच मंद आचेवर भाजावे. खमंग वास सुटला आणि कडवटपणा गेला तर बेसन फक्त जुने आहे. जुन्या तेलासारखा वास गरम होताच आणखी चढला आणि गिळल्यावर घशात खवखव राहिली, तर ते खवट. कणकेसाठी वाटीत चमचाभर पीठ गरम पाण्यात कालवून पाच मिनिटे झाकावे व झाकण काढताच हुंगावे. मग तिचीच बिनमिठाची लहान पोळी भाजून चाखावी. डब्यातला कोंदट वास भाजल्यावर जातो, खवटपणा जात नाही.

खवट पिठाच्या एका घासाने कोणी आजारी पडत नाही, पण पदार्थ वाया जातो. तिखट-मसाला घालून खवटपणा झाकण्याची युक्ती सहसा फसते.

आंबूस किंवा कुबट वासाची गोष्ट निराळी. तो ओलाव्याचा असतो. चक्कीवरचे गरम पीठ तसेच डब्यात कोंबले की वाफ झाकणाला धरते, थेंब पडून गोळे होतात आणि बुरशी येते. असे पीठ चाळून वरचे वापरू नये, भाजूनही नाही, कारण बुरशीची काही विषे पोळीच्या आचेने मरत नाहीत. ढोरांनाही घालू नये. याउलट रात्रभर राहिलेली मळलेली कणीक आंबते, तो निव्वळ आंबवणाचा वास असतो. झणझणीत औषधी वास आणि पिठाला गुलाबी झाक असेल तर तांबड्या किड्यांनी ते बिघडवले आहे. किडे चाळून काढले तरी त्यांचा वास पिठात राहतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे अर्ध्या डब्यावर नवे दळण ओतणे. जुने पीठ तळाशी महिनोन्‌महिने बसून राहते आणि वरच्यालाही वास लावते. दळण स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण निवू द्यावे, डबा रिकामा करून पुसून उन्हात वाळवावा, मगच भरावा. पावसाळ्यात दोन आठवड्यांपुरतेच दळावे. गहू आणि चण्याची डाळ तशीच ठेवली तर कितीतरी जास्त टिकते.