ऑयलरची वर्तुळे आणि वेनची वर्तुळे: एकाच आकृतीच्या दोन भाषा

पुढची दोन विधाने घ्या: सर्व आंबे फळे आहेत. काही फळे आंबट आहेत. यावरून ‘काही आंबे आंबट आहेत’ हा निष्कर्ष निघतो का? प्रत्यक्षात कैरी आंबट असते, पण प्रश्न तो नाही. या दोन विधानांतून तसे निघते का, एवढेच तपासायचे आहे.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बहुतेक जण फळांचे मोठे वर्तुळ काढून त्यात आंब्याचे छोटे वर्तुळ काढतात, मग आंबटाचे वर्तुळ दोघांना कापत जाईल असे मांडतात आणि ‘हो’ म्हणतात. ही गणितज्ञ ऑयलरची पद्धत. ती त्याने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत मांडली आणि ही पत्रे 1768 पासून छापली गेली. या पद्धतीत वर्तुळे एकमेकांच्या आत, बाहेर किंवा एकमेकांना छेदून काढली की नाते दिसते. त्यामुळे चित्र पाहताच कळते, पण ते काढताना आपण विधानात नसलेली माहितीही नकळत भरतो. आंबटाचे वर्तुळ आंब्याला न शिवता फळांना कापू शकते, आंब्याला अर्धवट कापू शकते किंवा आंब्याला पूर्ण गिळूही शकते. दोन्ही विधाने तिन्ही चित्रांत खरी ठरतात. म्हणून ऑयलरच्या पद्धतीने ‘निष्कर्ष निघतो’ म्हणायचे तर शक्य ती सगळी चित्रे काढावी लागतात आणि प्रत्येकात निष्कर्ष खरा असावा लागतो. एकच चित्र काढून थांबणे ही चूक सर्वाधिक होते.

तर्कशास्त्रज्ञ वेनने 1880 मध्ये सुचवलेली आकृती वेगळ्या तऱ्हेने चालते. तिथे विधान कोणतेही असो, तिन्ही वर्तुळे सुरुवातीलाच एकमेकांत गुंतवून काढायची. वर्तुळांबाहेरची जागा धरून आठ भाग होतात. वर्तुळे पुढे हलत नाहीत. विधानाची माहिती फक्त खुणांनी भरली जाते. रेघा मारलेला भाग रिकामा, तिथे काहीच नाही. फुली असलेल्या भागात निदान एक वस्तू आहे. कोऱ्या भागाबद्दल काहीच माहिती नाही.

इथेच शाळेतली सवय आड येते. गणितात संच शिकताना ‘हा संच दाखवा’ म्हणून तो भाग रंगवतात, म्हणजे रंगवलेले तेच हवे असलेले. तर्कशास्त्रात रेघांचा अर्थ नेमका उलट आहे. ‘सर्व आंबे फळे आहेत’ हे दाखवायला आंबे आणि फळे यांचा सामाईक भाग रंगवला, तर आपण ‘एकही आंबा फळ नाही’ असे सांगून बसतो. रेघा मारायच्या त्या आंब्याच्या फळांबाहेर राहिलेल्या भागावर, आणि तो भाग आंबटाच्या वर्तुळाने दोन तुकड्यांत विभागलेला असतो, म्हणून दोन्ही तुकड्यांवर.

आता ‘काही फळे आंबट आहेत’. फुली फळे आणि आंबट यांच्या सामाईक भागात हवी, पण आंब्याची रेषा त्या भागाचेही दोन तुकडे करते. दोन्ही कोरे आहेत, कुठला निवडायचा हे विधान सांगत नाही. अशा वेळी फुली आंब्याच्या रेषेवरच काढायची. निष्कर्षाला फुली पूर्णपणे आंब्याच्या आत हवी होती, ती रेषेवर आहे. म्हणून निष्कर्ष निघत नाही.

फुली रेषेवर जाणार की भागात, हे क्रमावरही ठरते. ‘एकही मासा सस्तन नाही. काही जलचर सस्तन आहेत. म्हणून काही जलचर मासे नाहीत.’ इथे आधी ‘एकही’चे विधान घेऊन मासे आणि सस्तन यांच्या सामाईक भागाच्या दोन्ही तुकड्यांवर रेघा मारल्या, तर जलचर-सस्तन भागातला माशांबाहेरचा एकच तुकडा कोरा उरतो आणि फुली तिथेच पडते. निष्कर्ष निघतो. उलट क्रमाने केले तर फुली आधी रेषेवर पडते आणि नंतर ती सरकवावी लागते. म्हणून ‘सर्व’ आणि ‘एकही नाही’ची विधाने नेहमी आधी, ‘काही’ची नंतर. निष्कर्षासाठी मात्र आकृतीत एकही खूण करायची नाही, तो नुसता वाचायचा.

दोन्ही पद्धती सर्वांत ठळकपणे वेगळ्या होतात ते पुढच्या जोडीत: ‘सर्व राक्षस मायावी आहेत. सर्व राक्षस मांसाहारी आहेत. म्हणून काही मायावी मांसाहारी आहेत.’ ऑयलरचे राक्षसांचे वर्तुळ दोन्हींच्या आत बसते आणि निष्कर्ष खरा दिसतो, कारण वर्तुळ काढले म्हणजे आत कुणीतरी आहे असे आपण धरतो. वेनच्या आकृतीत राक्षसांच्या चार भागांपैकी तिघांवर रेघा पडतात, चौथा कोरा राहतो, फुली कुठेच नाही. राक्षस नसतीलही, म्हणून निष्कर्ष निघत नाही. दोन विधाने आणि एक निष्कर्ष अशा युक्तिवादाच्या, परंपरेने वैध मानलेल्या 24 प्रकारांपैकी वेनच्या आकृतीत 15 टिकतात, ते याच कारणाने.

बँकेच्या किंवा तत्सम परीक्षेत मात्र ‘सर्व’मध्ये ‘काही’ धरलेले असते. तिथे सोडवताना राक्षसांच्या उरलेल्या एकमेव कोऱ्या भागात फुली काढा, मग उत्तर जुळते. तर्कशास्त्राच्या पेपरात ही फुली काढायची नसते, जोपर्यंत प्रश्नातच ‘राक्षस आहेत’ असे सांगितलेले नाही.