प्रपोजल नव्याने लिहून घेण्याआधी

‘अपवर्कवर कामं मिळत नाहीत, प्रपोजल बदलून द्या,’ असा निरोप आमच्याकडे सारखा येतो. त्यावर आम्ही आधी विचारतो: प्रपोजलं पाठवली किती, उत्तरं आली किती, कामं मिळाली किती? बहुतेकांना शेवटचा आकडा तेवढा माहीत असतो. कनेक्ट्सवर किती पैसे गेले, हे मात्र तोंडपाठ असतं.

शेवटच्या आकड्यावरून दोष कुठे आहे ते कळत नाही. दोन भागाकार वेगळे करावे लागतात. आलेली उत्तरं भागिले पाठवलेली प्रपोजलं, हा प्रतिसादाचा दर. मिळालेली कामं भागिले आलेली उत्तरं, हा यशाचा दर. काही जण यशाचा दर पाठवलेल्या प्रपोजलांवर काढतात. तो चुकीचा नाही, पण त्यात दोन्ही टप्पे मिसळतात आणि आपल्याला नेमके तेच वेगळे करायचे आहेत.

समजा, वेबसाइट करणाऱ्या दोघांच्या टीमने 80 प्रपोजलं पाठवली आणि 2 कामं मिळाली. ऐकायला वाईटच वाटतं. पण त्यांना उत्तरं 16 आली होती, म्हणजे दर पाचातल्या एका क्लायंटने उलट लिहिलं. हे प्रपोजल आपलं काम चोख करतंय, त्याला हात लावला तर नुकसानच होईल. 16 पैकी 14 जण बोलणं सुरू झाल्यावर गळाले, म्हणून पाहायचं ते चॅटमध्ये. न्यूयॉर्कचा क्लायंट दुपारी दोनला प्रश्न विचारतो, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. आपण सकाळी अकराला उत्तर देतो तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. तो ते पाहतो दुसऱ्या दिवशी, आणि तोवर दुसऱ्या कुणाशी त्याचं ठरतही आलेलं असतं. दुसरी नेहमीची गोष्ट म्हणजे पानं किती, मजकूर कोण देणार हे न विचारताच किंमत सांगून मोकळं होणं. या दोन्ही गोष्टी प्रपोजल कितीही सुंदर लिहिलं तरी सुटत नाहीत.

आता उलटं पाहू. 80 पाठवली, 4 उत्तरं, 2 कामं. इथे बोलण्यात काही कमी नाही, क्लायंट तिथपर्यंत पोचतच नाहीत. अशा वेळी My Stats मध्ये किती प्रपोजलं उघडली गेली ते बघा. उघडलीच जात नसतील, तर पहिल्या दोन ओळी तपासा, कारण यादीत क्लायंटला सुरुवातीचा तेवढाच मजकूर दिसतो आणि आपल्याकडे तिथे ‘डिअर सर, आय अॅम अ हार्डवर्किंग...’ असतं. शिवाय कामांची निवड आणि पाठवायला झालेला उशीरही तपासा. प्रपोजलं उघडली जातात पण उत्तर येत नाही, असं असेल तेव्हा मात्र आतला मजकूर खरोखर बदलायला हवा. ते काम आम्ही आनंदाने करतो.

आमचा सर्वांत जास्त वेळ खाते ती चूक वेगळीच आहे. लोक क्लायंटने स्वतः पाठवलेली आमंत्रणं आणि जुन्या क्लायंटची कामं त्याच यादीत टाकतात. आमंत्रणाला उत्तर मिळणारच, बोलावलंय त्यानेच! त्यामुळे प्रतिसादाचा दर फुगतो, प्रपोजल उत्तम वाटू लागतं, आणि खरी गळती लपून राहते. मग यादी चाळून हे सगळं वेगळं काढायचं काम आमच्याकडे येतं. तेव्हा आमंत्रणांसाठी वेगळं शीट ठेवा. मागच्या आठवड्यात पाठवलेली प्रपोजलंही अजून हिशोबाच्या शीटमध्ये भरू नका, त्यांची उत्तरं यायची असतात. आणि यंत्राने पाठवलेला निरोप हे उत्तर नव्हे.

गूगल शीटमध्ये A रकान्यात पाठवल्याची तारीख, B मध्ये कामाचा प्रकार, C मध्ये उत्तर आलं का, D मध्ये काम मिळालं का. पहिली ओळ शीर्षकांची. C आणि D मध्ये ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहा. पहिलं सूत्र प्रतिसादाचं, दुसरं यशाचं:

```
=COUNTIF(C2:C,"हो")/COUNTA(A2:A)
=COUNTIF(D2:D,"हो")/COUNTIF(C2:C,"हो")
```

दहा-बारा प्रपोजलांवर मात्र निकाल लावू नका, एखादं उत्तर इकडचं तिकडे झालं तरी आकडा उलटतो. यशाच्या दराला तर आणखी वेळ लागतो, कारण उत्तरं मुळातच थोडी असतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या ओळी आणि किंमत एकदम बदलली, तर फरक कशाने पडला ते आम्हीही सांगू शकणार नाही.

शीट न पाहता आम्ही लेखनाचं काम घेत नाही, यावर काही जण नाराज होतात. पण ज्यांचा दोष चॅटमध्ये आहे त्यांच्याकडून प्रपोजलाचे पैसे घेणं आम्हाला पटत नाही. भरलेलं शीट पाठवलंत तर पहिली पाहणी मोफत करतो आणि काम कुठल्या टप्प्यावर अडलंय ते लेखी कळवतो. तो टप्पा प्रपोजलाचा निघाला, तर लेखनाचे दर त्याच ईमेलमध्ये येतील.