वाडीवरची शाळा आणि पाचवीनंतरच्या मुली

बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा पूर्वी चौथीपर्यंतच होती. गावोगावच्या हायस्कुलांचे वर्ग पाचवीपासून सुरू होत असल्यामुळे चौथीचा दाखला काढायचा आणि फाट्यापलीकडच्या हायस्कुलात नाव घालायचं, हा शिरस्ता होता. मुलं जायची. मुलींचे दाखलेही निघायचे, पण त्यातल्या बऱ्याच जणी दिवाळीनंतर तिकडे दिसायच्या नाहीत.

शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला आणि प्राथमिक म्हणजे पाचवीपर्यंत, उच्च प्राथमिक म्हणजे आठवीपर्यंत असं ठरलं. आधीची रचना मोडून नवी बसवायला राज्याने अंतराचा निकष लावला. एक किलोमीटरच्या आत पाचवी नसेल तर चौथीच्या शाळेला पाचवी जोडायची, तीन किलोमीटरच्या आत आठवी नसेल तर सातवीच्या शाळेला आठवी. वाद झाला तो मुख्यतः पटाचा आणि शिक्षकांच्या पदांचा. पाचवी गेली तर हायस्कुलातली पदं घटणार, म्हणून संस्थाचालक विरोधात होते. मुलींचा विषय त्यात फारसा निघाला नाही.

खरं तर अडचण त्या निकषातच होती. सहावीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असली की कागदावर सोय झालेली असते. त्या वाटेवर पावसाळ्यात ओढा लागतो का, दहा-अकरा वर्षांची पोर फाट्यापर्यंत एकटी चालेल का, हे निकष विचारत नाही. या वाडीला पाचवी मिळाली, सहावी मिळाली नाही. गळती थांबली नाही, एक वर्ष पुढे सरकली इतकंच.

मुलींसाठीच्या सवलतीही नेमक्या इथेच तोकड्या पडतात. एसटीचा मोफत पास पाचवीपासून आहे, पण गाडी फाट्यावरूनच जाते. सायकल मिळते ती आठवीपासून. सहावी-सातवीची दोन वर्षं पायीच काढायची.

त्यातच ऊसतोडीचा हंगाम येतो. तोडणीसाठी आगाऊ पैसे, म्हणजे उचल घेतलेली जोडपी दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. शाळा गावातच असते तोवर हंगामी वसतिगृहाच्या नावाखाली जेवणाची सोय होते आणि पोरगी आजीजवळ राहते. शाळा लांब गेली की हिशेब बदलतो. "फाट्यापर्यंत तिला रोज सोडणार कोण?" असं आजी विचारते. मग पोरगी फडावर जाते, धाकट्याला सांभाळते, कोपीत भाकरी करते.

ही गळती नोंदीत सहजी सापडत नाही. वाडीच्या रजिस्टरात "दाखला दिला" एवढंच असतं आणि हायस्कुलाच्या पटावर नाव चढलेलं असतं. खरी स्थिती पाहायची तर डिसेंबर-जानेवारीचं हजेरीपत्रक उघडावं लागतं, आणि पट टिकवायचा असल्यामुळे तेही दर वेळी खरं बोलेल असं नाही.

वाडीतच सहावी सुरू करा, ही पालकांची मागणी जुनी आहे. पण पटानुसार शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या 2024 च्या संचमान्यतेच्या निकषांत सहावी ते आठवी मिळून वीसपेक्षा कमी पट असेल तर शिक्षकाचं पदच मंजूर होत नाही, आणि एवढ्याशा वाडीत तेवढी पोरं जमवायची कुठून?