दोष दुधातल्या साखरेचा नाही

परभणी-जालन्याकडच्या गावांत बाळाने दूध टाकलं, किरकिर केली, शी बिघडली की घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "लेकराला दूध पचंना झालंय." औषधाच्या दुकानातला माणूसही तेच म्हणतो आणि लॅक्टोज-फ्री पावडरचा डबा पुढे करतो. पचत नाही म्हणजे दुधातली साखर पचत नाही, असा सरळ हिशेब. पण दोन महिन्यांच्या बाळाच्या शीत रक्ताचे धागे दिसत असतील तर हा हिशेब जवळजवळ नेहमीच चुकतो. त्या चुकीपायी कधी बाळाचं अंगावरचं दूध तुटतं, कधी महागडे डबे रिकामे होतात, आणि रक्त मात्र दिसतच राहतं.

नेमकं काय घडतं हे कळावं म्हणून एक लेकरू डोळ्यांसमोर आणू. अशा अनेक बाळांवरून रचलेलं हे उदाहरण आहे. पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळ. पहिले पाच आठवडे फक्त आईच्या अंगावर. मग "दूध पुरत नाही, रात्री रडतंय" म्हणून घरच्या गाईचं दूध पाणी घालून, उकळून, बाटलीने सुरू झालं. आठवडा-दीड आठवड्यात बाळ बाटलीनंतर भसकन दूध टाकू लागलं, पाजायला घेतलं की पाठ ताणून मान मागे टाकू लागलं. एके सकाळी लंगोटावर पिवळ्या शीत शेंबडासारखी आव आणि तिच्यात लाल शिवणदोऱ्यासारखे दोन-तीन धागे दिसले. ताप नव्हता. बाळ हसत होतं, वजनही वाढत होतं. दुकानातून लॅक्टोज-फ्री पावडर आणली. दोन आठवडे झाले तरी धागे थांबले नाहीत.

का थांबले नाहीत, ते दुधातल्या दोन वेगळ्या घटकांमुळे. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडायला लहान आतड्याच्या अस्तरावर लॅक्टेज नावाचं विकर असतं. हे विकर कमी पडलं तर साखर न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू तिला आंबवतात, वायू आणि आम्ल तयार होतं, पाणी ओढलं जातं. मग पोट फुगतं, फेसाळ पातळ जुलाब फर्रकन होतात आणि आम्लामुळे बाळाचं ढुंगण लाल होतं. एवढंच. यात आतड्याच्या अस्तराला जखम होत नाही, म्हणून रक्तही येत नाही.

शिवाय तान्ह्या बाळात हे विकर भरपूर असतं. आईच्या दुधात दर 100 मिलिलिटरला सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधात पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे जे बाळ जन्मापासून आईचं जास्त गोड दूध पचवतंय, त्याला गाईच्या कमी साखरेने त्रास होईल हे पटत नाही. जन्मतःच लॅक्टेज नसणं हा अतिशय दुर्मीळ आजार आहे, आणि त्यात पहिल्या दिवसांपासूनच जोरदार जुलाब होतात. मोठ्या माणसांना दूध पिऊन पोट गुडगुडतं ती गोष्ट निराळी. ते विकर साधारण दोन वर्षांनंतर हळूहळू घटत जातं. तान्ह्यात लॅक्टोजचा त्रास दिसतो तो बहुतेक जुलाबाचा मोठा आजार होऊन गेल्यावर, काही दिवस ते काही आठवडे. अस्तर भरून आलं की तो आपोआप जातो.

इथे तपासणीही फसवते. शीमध्ये साखर आहे का आणि शी किती आम्लयुक्त आहे, अशी एक तपासणी केली जाते. आईच्या दुधावरच्या अगदी निरोगी बाळाच्या शीतही थोडी साखर उतरलेली असते आणि ती शी आम्लयुक्तच असते. तो कागद हातात धरून "लॅक्टोज पचत नाही" म्हणणं आणि अंगावरचं दूध तोडायला सांगणं, हा माझ्या मते बाळावर अन्याय आहे.

दुसरा घटक प्रथिनांचा. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन असतं, उरलेली पाण्यात राहणारी, म्हणजे दूध फाटल्यावर निवळीत उतरणारी. त्या निवळीतलं मुख्य प्रथिन बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन. ते माणसाच्या दुधात मुळात तयारच होत नाही. बाळाचं आतडं नवं असतं आणि परक्या प्रथिनांतली कोणती सहन करायची हे त्यातली प्रतिकारयंत्रणा हळूहळू शिकत असते. काही बाळांत हे शिकणं अडखळतं. गाईच्या प्रथिनाचे तुकडे दिसले की तिथल्या पेशी ते शत्रूसारखे धरतात. याला दुधाची अ‍ॅलर्जी म्हणतात, आणि इथे पचनाचा नव्हे, प्रतिकारशक्तीचा प्रश्न असतो.

आपल्या बाळाच्या बाबतीत हा गोंधळ मुख्यतः मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात आणि गुदाशयात चालू आहे. तिथल्या अस्तरात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि त्यांच्यातून बाहेर पडणारी रसायनं अस्तराला सुजवतात, नाजूक करतात. बारीक ओरखडे पडतात. अस्तर स्वतःला वाचवायला आव सोडतं. शी पुढे सरकताना त्या नाजूक जागेला घासते आणि थेंब-अर्धा थेंब रक्त आवेबरोबर तिला चिकटून येतं. म्हणून रक्त शीमध्ये एकजीव न होता धाग्यांसारखं दिसतं, आणि ताजं लाल असतं कारण ते गुदद्वाराच्या अगदी जवळून आलेलं असतं. रक्ताचं प्रमाण थोडं असल्याने बाळ टवटवीत दिसतं.

उलटीचं कारण वर, जठराकडे असतं. त्या भागाचं अस्तर चिडलं की जठर रिकामं व्हायला वेळ लागतो आणि दूध वर येतं. किरकिर यातूनच येते. सुजलेल्या अस्तरातल्या पेशी शेजारच्या मज्जातंतूंना डिवचतात, आतड्याची हालचाल वेडीवाकडी होते, पोटात कळ येते. मात्र निव्वळ किरकिरीवरून अ‍ॅलर्जी ठरवू नये. निरोगी बाळंही सहा आठवड्यांच्या सुमारास सगळ्यात जास्त रडतात, आणि थोडं थोडं दूध टाकणं तर बहुतेक बाळांत असतंच. रडणं, उलटी आणि रक्ताचे धागे एकत्र आले, तेही दुधाशी नातं दाखवत, तेव्हा संशय पक्का होतो.

मग लॅक्टोज-फ्री डब्याने काय केलं? साखर काढून टाकली. प्रथिन होतं तिथेच होतं. असे बरेचसे डबे गाईच्या दुधाच्या प्रथिनापासूनच बनतात. शेळीचं दूध द्या हा सल्लाही आपल्याकडे फार चालतो. पण शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या प्रथिनांशी इतकी मिळतीजुळती आहेत की गाईचं सोसत नाही अशा बहुतेक बाळांना शेळीचंही सोसत नाही. म्हशीचं तेच. आणि वर्षाच्या आत गाई-म्हशी-शेळीचं साधं दूध मुख्य अन्न म्हणून द्यायचंच नसतं. त्यात लोह फार कमी आणि बाळाच्या मूत्रपिंडांना भार जास्त.

बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी आधी गुदद्वार पाहिलं. कडक शीने तिथे चीर पडली असती तर रक्त शीच्या वरच लागलं असतं आणि आव नसती. वजनाची रेषा पाहिली, ती ठीक होती. रक्ताची अ‍ॅलर्जी तपासणी त्यांनी केली नाही, कारण या प्रकारात त्या तपासणीत पकडले जाणारे आयजीई प्रतिपिंड नसतातच. ती नकारात्मक आली म्हणून अ‍ॅलर्जी नाही असं ठरत नाही. बाटली आणि डबा बंद करून पुन्हा पूर्ण अंगावरचं सुरू करायला सांगितलं. वारंवार पाजल्यावर दूध वाढलं.

धागे कमी झाले, पण संपले नाहीत. कारण आई बाळंतपणाच्या रिवाजाप्रमाणे रोज दुधातला अळीव, दोन-तीन कप चहा, तुपातले डिंकाचे लाडू खात होती. आईने प्यालेल्या दुधाचं प्रथिन नॅनोग्रॅमच्या मापात, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, तिच्या दुधात उतरतं आणि काही बाळांना तेवढंही पुरतं. लॅक्टोज मात्र आईच्या खाण्यावर अवलंबून नसतं. आईने दूध सोडलं तरी तिच्या दुधातली साखर तेवढीच राहते. म्हणून आईने दूध बंद केल्यावर बाळाचं रक्त थांबलं, तर साखरेचा मुद्दा तिथेच निकाली निघतो.

आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा, पेढे, तूप आणि दूध पावडर असलेली बिस्किटं सोडली. तूप बहुतांश चरबीच, पण त्यात प्रथिनाचे अंश उरतात, म्हणून या काळापुरतं तेही. लाडू शेंगतेलात केले, चहा कोरा. पाचव्या दिवसापासून लंगोटावर धागा दिसेना. दूध टाकणं आणि किरकिर ओसरायला मात्र दोनेक आठवडे लागले. आईसाठी डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि ताटात तीळ, राजगिरा, नाचणी वाढवायला सांगितलं, कारण काही महिने दुधाशिवाय काढायचे तर तिची हाडं झिजता कामा नयेत.

चार आठवड्यांनी खरी परीक्षा. आईने पुन्हा चहात दूध घ्यायला सुरुवात केली, दही खाल्लं. तीन दिवसांत आव आणि धागे परतले. आता निदान पक्कं झालं. ही पायरी घरोघर वगळली जाते, आणि त्यामुळे कितीतरी आयांना विनाकारण महिनोन्‌महिने पथ्य घडतं. धागे आपोआपही थांबत असतात, त्यामुळे पुन्हा देऊन पाहिल्याशिवाय दोष दुधाचा हे सिद्ध होत नाही. बाळाला वरचंच दूध द्यावं लागत असेल तर प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली खास पावडर डॉक्टर लिहून देतात. ती महाग असते, म्हणून अंगावरचं टिकवणं हाच आपल्याकडे व्यवहार्य मार्ग.

एक प्रकार मात्र घरी तपासून पाहायचा नाही. दूध दिल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घरघर लागली, किंवा एक ते चार तासांनी बाळ एकामागून एक उलट्या करून फिकट, मलूल पडलं, तर तो वेगळा आणि धोकादायक प्रकार आहे. लगेच दवाखाना गाठावा आणि दूध पुन्हा देऊन पाहायचं ते रुग्णालयातच. हिरवी उलटी, पाय पोटाशी घेऊन ठरावीक वेळाने कळा, जांभळट जेलीसारखी शी, ताप किंवा पोट कडक, यांपैकी काहीही दिसलं तर कारण अ‍ॅलर्जी नसून आतड्यात आतडं अडकणं किंवा जंतुसंसर्ग असू शकतं. त्यात तास महत्त्वाचे असतात.

फक्त धागे येणारी बहुतेक बाळं वर्षाच्या आसपास दूध सोसू लागतात. आपल्या बाळाला सहाव्या महिन्यापासून वरणाचं पाणी नव्हे, घट्ट डाळ-भात, केळं, भाकरीचा कुस्करा असं वरचं अन्न सुरू झालं, दूध वगळून. अकराव्या महिन्यात डॉक्टरांच्या सल्ल्याने दूध घालून भाजलेल्या बिस्किटाचा तुकडा दिला, कारण भाजताना प्रथिनाचा आकार बदलतो आणि ते सोपं जातं. काही झालं नाही. मग चमचाभर दही, मग थोडं उकळलेलं दूध, प्रत्येक पायरीवर काही दिवस थांबत आणि लंगोट रोज पाहत.